मूल्यांकनाचा आकडा आणि विक्रीच्या दिवशीचा हिशेब

स्टार्टअपचे मूल्यांकन म्हणून बातमीत जो आकडा छापून येतो, तो एका साध्या गुणाकारातून आलेला असतो. शेवटच्या फेरीत गुंतवणूकदाराने एका शेअरला जो भाव दिला, त्याला कंपनीच्या एकूण शेअरसंख्येने गुणले की हा आकडा मिळतो. या गुणाकारात सगळे शेअर एकसारखे धरलेले असतात. प्रत्यक्षात गुंतवणूकदाराच्या शेअरना संस्थापकांच्या शेअरपेक्षा जास्तीचे हक्क असतात आणि त्या हक्कांसकट त्याने तो भाव दिलेला असतो. कंपनी दुसऱ्या कंपनीला विकली गेली की हे हक्क लागू होतात. शेअर बाजारात नोंदली गेली की ते संपतात. त्यामुळे कंपनीची किंमत कशी ठरली आणि तिच्यातून बाहेर कसे पडायचे, हे दोन प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात. ते कसे सोडवायचे, हे पुढे एका काल्पनिक कंपनीच्या हिशेबातून दाखवले आहे.

भाव कसा ठरतो

ही कंपनी नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांसाठी ठिबक सिंचनाचे स्वयंचलित नियंत्रक बनवते. वर्षाची विक्री ६ कोटी रुपये, नफा अजून नाही. दोन संस्थापकांकडे मिळून ११ लाख ७० हजार शेअर आहेत आणि सुरुवातीला पैसे देणाऱ्या एंजल गुंतवणूकदारांकडे १ लाख ३० हजार. एक व्हेंचर कॅपिटल फंड १० कोटी रुपये घालायला तयार आहे. प्रश्न एवढाच, की त्या १० कोटींच्या बदल्यात कंपनीचा किती हिस्सा द्यायचा.

कारखान्यातील यंत्रे, माल आणि बँकेतील शिल्लक मोजून उत्तर मिळत नाही, कारण अशा कंपनीची ताळेबंदातली मालमत्ता जेमतेम असते. म्हणून फंड शेवटापासून मागे हिशेब करतो. त्याच्या अंदाजाने सात वर्षांनी कंपनीची विक्री १५० कोटी होईल आणि अशा प्रकारच्या कंपन्या तेव्हा वार्षिक विक्रीच्या चौपट किमतीला विकल्या जात असतील. म्हणजे सात वर्षांनंतरची किंमत ६०० कोटी. फंडाच्या दहा गुंतवणुकींपैकी बऱ्याचशा बुडणार असतात, त्यामुळे प्रत्येक गुंतवणुकीतून दसपट परताव्याची शक्यता दिसावी, असा त्याचा आग्रह असतो. १० कोटींचे १०० कोटी व्हायचे तर सात वर्षांनी फंडाकडे ६०० कोटींपैकी १६.७ टक्के हिस्सा उरला पाहिजे. मध्ये आणखी दोन फेऱ्या होतील आणि प्रत्येक फेरीत नवा गुंतवणूकदार २० टक्के घेईल, असे धरले तर आजच्या १०० टक्क्यांतले शेवटी ६४ टक्केच उरतात. म्हणून १६.७ ला ०.६४ ने भागायचे. आज २६ टक्के हवेत. १० कोटी म्हणजे २६ टक्के, तर गुंतवणुकीनंतरची कंपनीची किंमत ३८ कोटी ४० लाख. वाटाघाटीत ती ४० कोटींवर स्थिरावते आणि फंडाला २५ टक्के मिळतात.

या पद्धतीला व्हेंचर कॅपिटल पद्धत म्हणतात. तिची खरी उपयुक्तता उत्तरात नसून ते उत्तर कशावर टेकले आहे, हे दिसण्यात आहे. विक्रीच्या चौपटीऐवजी अडीचपट धरले, बाकी सगळे तसेच ठेवले, तर ३८ कोटींचे २४ कोटी होतात. ६ कोटींवरून सात वर्षांत १५० कोटींवर जायचे तर विक्री दरवर्षी सुमारे ५८ टक्क्यांनी वाढली पाहिजे, तीही एकदा नाही, सलग सात वर्षे. संस्थापकाने वाटाघाटीला बसण्यापूर्वी फंडाचा हा उलटा हिशेब स्वतः करून पाहावा. समोरचा कोणत्या गृहीतकावर अडला आहे हे कळले, की चर्चा भावावर न होता त्या गृहीतकावर होते आणि तिथे पुरावा देता येतो: ग्राहक परत किती येतात, एका नियंत्रकामागे किती उरते, हंगाम संपल्यावर विक्री किती घसरते.

ती 'चौपट' कुठून आली, हा पुढचा मुद्दा. ती तुलनेतून येते. त्याच व्यवसायातील नोंदणीकृत किंवा अलीकडे विकल्या गेलेल्या कंपन्यांची किंमत त्यांच्या विक्रीला किंवा नफ्याला भागून पट काढली जाते. इथली नेहमीची चूक म्हणजे तुलनेसाठी चुकीचा शेजारी निवडणे. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला १०० रुपयांच्या विक्रीतून थेट खर्च वजा जाता ७० ते ८० रुपये राहू शकतात. सर्किट, पंप आणि व्हॉल्व्ह जोडून विकणाऱ्या कंपनीला ३० ते ३५ राहिले तरी ते बरे मानावे. नियंत्रकाला मोबाइल अ‍ॅप जोडलेले आहे म्हणून सॉफ्टवेअरची पट लावली, तर पहिल्या फेरीत आकडा मोठा दिसतो आणि दुसऱ्या फेरीतला सावध गुंतवणूकदार तो खाली आणतो. भाव खाली आलेली फेरी संस्थापकाला फार महागात पडते, कारण आधीच्या गुंतवणूकदारांकडे बहुधा भावघसरणीपासून संरक्षणाचे कलम असते आणि त्याची भरपाई जादा शेअरच्या रूपाने संस्थापकांच्या हिश्शातून होते.

पाठ्यपुस्तकांत सर्वांत वरचे स्थान असते ते भविष्यातील रोख प्रवाहांच्या आजच्या मूल्याला, म्हणजे डीसीएफ पद्धतीला. स्थिर व्यवसायासाठी ती उत्तम आहे. नव्या कंपनीत मात्र बहुतेक मूल्य हिशेबाच्या शेवटच्या ओळीत साठलेले असते: सातव्या वर्षानंतर कंपनी अनंतकाळ चालेल असे धरून काढलेली रक्कम. ही रक्कम ५ टक्के कायमस्वरूपी वाढ धरून काढली आणि व्याजदराच्या जागी वापरायचा दर २० ऐवजी २५ टक्के केला, तर तिचे आजचे मूल्य सुमारे ४४ टक्क्यांनी घटते. २० योग्य की २५, हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. म्हणून या टप्प्यावर डीसीएफने किंमत ठरत नाही. आधी ठरलेल्या किमतीला कागदोपत्री आधार मिळतो.

तो आधार लागतो हेही खरे. कंपनी कायद्याप्रमाणे नवे शेअर निवडक व्यक्तींना देताना नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो आणि परदेशी गुंतवणूकदार असेल तर परकीय चलन नियमांनुसार रास्त मूल्यापेक्षा कमी भावाने शेअर देता येत नाहीत. रास्त मूल्यापेक्षा जास्त भाव घेतल्यास वरची रक्कम कंपनीचे उत्पन्न धरणारा, 'एंजल टॅक्स' म्हणून ओळखला जाणारा कर २०१२ साली आला होता. २०२४ च्या अर्थसंकल्पाने तो काढून टाकला. आता या अहवालांचे दडपण कमी झाले आहे. तरी संस्थापकाने एक भेद लक्षात ठेवावा: कायद्यासाठीचा अहवाल आणि वाटाघाटीतला भाव यांची कामे वेगळी आहेत, आणि पहिल्याच्या जोरावर दुसरा वाढवून मिळत नाही.

कागदावरचे ३० कोटी, प्रत्यक्षातले २६

गुंतवणुकीनंतरची किंमत ४० कोटी, म्हणजे गुंतवणुकीआधीची ३० कोटी. संस्थापक आणि एंजल यांच्या १३ लाख शेअरचा भाव त्या हिशेबाने सुमारे २३१ रुपये व्हायला हवा. टर्म शीटमध्ये मात्र एक ओळ असते: कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के शेअर राखून ठेवावेत आणि ते गुंतवणुकीआधीच्या किमतीत धरावेत. या एका ओळीने हिशेब बदलतो. फेरीनंतर फंडाकडे २५ टक्के, कर्मचारी योजनेत १० टक्के, जुन्या भागधारकांकडे ६५ टक्के. १३ लाख शेअर म्हणजे ६५ टक्के, तर एकूण शेअर २० लाख. त्यांतले ५ लाख फंडाला १० कोटींत, म्हणजे २०० रुपये भावाने. जुन्या भागधारकांच्या हाती असलेल्या शेअरची किंमत २६ कोटी झाली. राखीव शेअरचे ४ कोटी त्यांच्याच खिशातून गेले.

कर्मचाऱ्यांना शेअर देणे चुकीचे नाही. पण १० टक्के हा आकडा सवयीने लिहिला जातो. पुढील दीड वर्षात नेमके कोणाला घ्यायचे आहे आणि प्रत्येकाला किती शेअर द्यावे लागतील, याची यादी करून संस्थापक वाटाघाटीला गेला, तर पुष्कळदा ६ टक्क्यांत काम भागते. मूल्यांकन वाढवून मागण्यापेक्षा हे सोपे असते आणि परिणाम तोच होतो.

तीन वर्षांनी दुसरी फेरी होते. नवा फंड ६०० रुपये भावाने ५ लाख शेअर घेतो आणि ३० कोटी घालतो. एकूण शेअर २५ लाख, कंपनीची किंमत १५० कोटी. संस्थापकांकडे ४६.८ टक्के, एंजलकडे ५.२, कर्मचारी योजनेत ८, पहिल्या फंडाकडे २० आणि दुसऱ्याकडे २०. दोघा संस्थापकांचा हिस्सा कागदावर ७० कोटी २० लाखांचा आहे.

कंपनी विकली जाते तेव्हा

भारतात व्हेंचर फंड साधारणपणे सक्तीने रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर घेतात. हे शेअर पुढे साध्या शेअरमध्ये बदलायचेच असतात, पण तोवर त्यांना लिक्विडेशन प्रेफरन्स असतो: कंपनी विकली गेली किंवा गुंडाळली गेली तर आलेल्या पैशांतून आधी यांची ठरलेली रक्कम द्यायची, उरलेले इतरांनी वाटून घ्यायचे. कंपनीची विक्री म्हणजे कायद्याच्या अर्थाने समापन नव्हे. म्हणून विक्री झाली की हा हक्क लागू होईल, असे भागधारकांच्या करारात लिहिलेले असते आणि तेच कंपनीच्या आर्टिकल्समध्येही उतरवलेले असते. आर्टिकल्समध्ये काय लिहिले आहे ते संस्थापकाने स्वतः वाचावे. कंपनी सचिवाने तयार केलेल्या मसुद्यावर नुसती सही करू नये.

आता समजा, दोन वर्षे पाऊस लांबला, विक्री अडखळली आणि ठिबक संच बनवणारी एक मोठी कंपनी ९० कोटींची बोली घेऊन आली. बोली बहुधा कर्जमुक्त कंपनीसाठी असते. बँकेचे ७ कोटींचे कर्ज आणि वकील व मर्चंट बँकर यांचे ३ कोटी वजा केले की वाटायला ८० कोटी उरतात.

दोन्ही फंडांचा हक्क 'एकपट, सहभागाविना' असेल तर प्रत्येकाला दोनपैकी एक निवडावे लागते: घातलेले पैसे परत घ्यायचे किंवा शेअर साधे करून हिश्शाप्रमाणे घ्यायचे. दुसऱ्या फंडाला हिश्शाने १६ कोटी मिळतात, तर हक्काने ३०. तो ३० घेतो. उरले ५० कोटी आणि २० लाख शेअर. पहिल्या फंडाला हक्काने १० कोटी मिळतील, हिश्शाने १२ कोटी ५० लाख. तो शेअर साधे करून घेतो. आता भाव पडला प्रत्येक शेअरला २५० रुपये. संस्थापकांना २९ कोटी २५ लाख, एंजलना ३ कोटी २५ लाख, कर्मचारी योजनेला ५ कोटी. सरळ टक्केवारीने संस्थापकांना ३७ कोटी ४४ लाख मिळाले असते. फरक ८ कोटींहून थोडा जास्त, आणि त्यात अन्याय काही नाही. ६०० रुपये भाव देणाऱ्याने आपले मुद्दल सुरक्षित ठेवले एवढेच.

हाच हक्क 'सहभागासह' लिहिलेला असेल तर चित्र पालटते. तेव्हा दोन्ही फंड आधी आपले ४० कोटी काढून घेतात आणि उरलेल्या ४० कोटींतही हिश्शाप्रमाणे वाटेकरी होतात. दुसऱ्या फंडाला ३८ कोटी, पहिल्याला १८, एंजलना २ कोटी ८ लाख, कर्मचाऱ्यांना ३ कोटी २० लाख आणि संस्थापकांना १८ कोटी ७२ लाख. बोली तीच, टक्केवारी तीच, करारातला एक शब्द वेगळा आणि संस्थापकांचे साडेदहा कोटी गेले. टर्म शीट हाती पडल्यावर मूल्यांकनाच्या आकड्याआधी हा शब्द शोधावा. १५० कोटींच्या मूल्यांकनासोबत सहभागी हक्क मिळत असेल आणि १२० कोटींच्या मूल्यांकनासोबत सहभागाविना, तर मध्यम किमतीच्या विक्रीत संस्थापकाच्या दृष्टीने दुसरा प्रस्ताव चांगला ठरतो.

अमेरिकेतील गुड टेक्नॉलॉजी या मोबाइल सुरक्षा कंपनीत हे जाहीरपणे दिसले. एक अब्ज डॉलरहून अधिक मूल्यांकन मिळवलेली ही कंपनी २०१५ मध्ये ब्लॅकबेरीने ४२ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतली. प्रेफरन्स शेअरवाल्यांचे देणे भागल्यावर साधे शेअर असलेल्या कर्मचाऱ्यांच्या वाट्याला फारच थोडे आले.

वाटणी ठरली तरी पैसे लगेच हाती येत नाहीत. खरेदीदार काही भाग एस्क्रो खात्यात ठेवतो, म्हणजे विक्रीनंतर एखादी जुनी करनोटीस किंवा दावा निघाला तर तो तिथून भागवता यावा. दुसरा भाग अर्न-आउट असतो: पुढील दोन वर्षांत अमुक विक्री झाली तरच द्यायचा. आपल्या उदाहरणात २९ कोटी २५ लाखांतले १० टक्के एस्क्रोत आणि २५ टक्के अर्न-आउटमध्ये गेले तर त्या दिवशी संस्थापकांच्या खात्यात सुमारे १९ कोटी येतात. अर्न-आउट मान्य करताना उद्दिष्ट कशावर मोजायचे याकडे नीट पाहावे. नफ्यावर मोजले तर खरेदीदार आपल्या मुख्यालयाचा खर्च या विभागावर टाकून तो नफा सहज पुसू शकतो. विकलेल्या नियंत्रकांच्या संख्येवर किंवा विक्रीवर मोजले तर वादाला जागा कमी राहते. शिवाय ही रक्कम 'संस्थापक नोकरीत राहिला तरच' अशा अटीला बांधलेली असेल, तर करखाते तिला भांडवली नफ्याऐवजी पगार समजू शकते. दोन वर्षांहून अधिक काळ बाळगलेल्या अनोंदणीकृत शेअरच्या नफ्यावर २०२४ च्या बदलानंतर १२.५ टक्के अधिक अधिभार असा कर आहे. पगाराचा दर त्याच्या दुपटीहून अधिक होऊ शकतो. त्यामुळे करसल्लागाराला करार सही झाल्यावर नव्हे, मसुदा आल्यावरच दाखवावा.

खरेदीदार रोखीऐवजी आपले शेअर देऊ करतो, तेव्हा विकणारा प्रत्यक्षात नवी गुंतवणूक करत असतो. झोमॅटोने जून २०२२ मध्ये ब्लिंकिट घेण्याचा सुमारे ४,४४७ कोटींचा व्यवहार पूर्णपणे शेअरमध्ये जाहीर केला. भाव धरला होता ७०.७६ रुपये. महिन्याभरातच झोमॅटोचा शेअर ४१ रुपयांच्या आसपास आला आणि दोन वर्षांनी २०० रुपयांच्या वर गेला. ते शेअर कोणी कधी विकले, त्यावर त्याला ब्लिंकिटची किती किंमत मिळाली हे ठरले. शेअर घ्यायचे असतील तर ते किती काळ विकता येणार नाहीत, हा प्रश्न भावाइतकाच महत्त्वाचा आहे.

कंपनी बाजारात नोंदली जाते तेव्हा

सेबीच्या नियमांप्रमाणे अंतिम माहितीपत्रक दाखल होण्यापूर्वी सगळे रूपांतरणीय शेअर साधे करावे लागतात. त्याबरोबर लिक्विडेशन प्रेफरन्स संपतो, आणि संचालक नेमण्याचे, नकाराधिकाराचे विशेष हक्कही नोंदणीनंतर चालत नाहीत. म्हणजे नाशिकची ही कंपनी ८० कोटींच्या मूल्याला बाजारात गेली, तर संस्थापकांचा हिस्सा खरोखर ४६.८ टक्के, म्हणजे ३७ कोटी ४४ लाखांचा ठरतो आणि दुसऱ्या फंडाचा १६ कोटींचा. विक्रीत त्याच फंडाला ३० कोटी मिळत होते. कंपनीचे मूल्य १५० कोटींच्या खाली आहे तोवर दुसऱ्या फंडाला विक्री सोयीची आणि संस्थापकांना नोंदणी सोयीची, असा हा सरळ हितविरोध आहे. एरवी सौजन्याने चाललेल्या संचालक मंडळात याच सुमारास ताण का दिसू लागतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

संस्थापकांचे ३७ कोटी मात्र शेअरमध्ये असतात, रोख नसतात. एवढ्या आकाराच्या कंपनीला एसएमई मंचच योग्य. बीएसई आणि एनएसईने हे मंच २०१२ मध्ये सुरू केले. तिथे भरणा झालेले भांडवल इश्यूनंतर २५ कोटींपर्यंतच असावे लागते. २०२५ मध्ये नियम कडक झाले: मागील तीनपैकी दोन वर्षांत किमान १ कोटीचा परिचालन नफा हवा, इश्यूमध्ये जुन्या भागधारकांनी विकायचा भाग एकूण इश्यूच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि विकणाऱ्याने आपल्या हिश्शाच्या निम्म्याहून अधिक विकायचे नाही. प्रवर्तकांचे इश्यूनंतरच्या भांडवलातले २० टक्के तीन वर्षे अडकून राहतात, बाकीचे टप्प्याटप्प्याने एक आणि दोन वर्षांनी मोकळे होतात. समजा इश्यू २० कोटींचा आहे. जुने भागधारक सगळे मिळून ४ कोटींचेच शेअर विकू शकतात. संस्थापकाला घराचे कर्ज फेडायचे असेल किंवा फंडाची मुदत संपत आली असेल, तर या मार्गाने ते होत नाही. एसएमई नोंदणी कंपनीला भांडवल मिळवून देते. भागधारकांना बाहेर पडायला ती जवळपास निरुपयोगी आहे.

मुख्य मंचावर बाहेर पडायला जागा जास्त आहे, पण उंबरठाही उंच आहे. मागील तीन वर्षांचा सरासरी परिचालन नफा १५ कोटी आणि तिन्ही वर्षांत नफा, ही एक प्रमुख अट. ती पूर्ण होत नसेल तर किमान ७५ टक्के इश्यू संस्थात्मक खरेदीदारांना द्यावा लागतो आणि किरकोळ गुंतवणूकदारांसाठी १० टक्क्यांपर्यंतच उरतो. पुण्याची ब्रेनबीज सोल्युशन्स, म्हणजे फर्स्टक्राय, तोट्यात असूनही ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आली. इश्यूचा भाव ४६५ रुपये होता आणि पहिल्या व्यवहारात तो ६५० च्या आसपास उघडला. याउलट पेटीएमची मालक वन९७ कम्युनिकेशन्स नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांना आली आणि पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्के खाली बंद झाली. दोन्ही वेळा पहिल्या दिवसाच्या भावाने संस्थापकांच्या खिशात थेट काही पडले नाही. मुख्य मंचावर प्रवर्तकांचे २० टक्के साधारणतः दीड वर्ष आणि बाकीचे सहा महिने अडकलेले असतात, आणि इतर जुन्या भागधारकांचेही बहुतेक शेअर सहा महिने. मुदत संपते त्या सुमारास अनेकजण एकदम विकायला निघतात. झोमॅटोला प्रवर्तक नसल्यामुळे जुन्या भागधारकांवर एक वर्षाची बंदी होती. ती जुलै २०२२ मध्ये उठली आणि शेअर त्याच दिवसांत तळाला गेला. त्यामुळे नोंदणीतून मिळणाऱ्या पैशांचा अंदाज बांधताना पहिल्या दिवसाचा भाव घेऊ नये. मुदत संपेल तेव्हाचा, बराच कमी धरलेला भाव घ्यावा.

नोंदणीत आपला हक्क जातो हे फंडांनाही ठाऊक असते. म्हणून ते करारात 'पात्र आयपीओ'ची व्याख्या घालतात: अमुक किमतीच्या वर असेल तरच संमती गृहीत, खाली असेल तर आमची वेगळी परवानगी. काही वेळा भरपाईही लिहून घेतली जाते. अमेरिकेतील स्क्वेअर कंपनी नोव्हेंबर २०१५ मध्ये ९ डॉलर भावाने बाजारात आली, तेव्हा शेवटच्या फेरीत १५.४६ डॉलर दिलेल्या गुंतवणूकदारांना २० टक्के परतावा मिळेल इतके जादा शेअर कंपनीला द्यावे लागले. त्याचा भार बाकीच्या सर्व भागधारकांच्या हिश्शावर पडला. आपल्या कंपनीत दुसऱ्या फंडाने पात्र आयपीओची किमान किंमत १५० कोटी लिहून घेतली असेल, तर ८० कोटींना बाजारात जाण्याचा मार्ग संस्थापकांसाठी मुळात बंदच आहे. तिसऱ्या मार्गाचा, म्हणजे कंपनी न विकता आपले थोडे शेअर नव्या फंडाला विकण्याचा विचार तेव्हा करावा. हा भाव शेवटच्या फेरीपेक्षा सहसा कमी असतो, कारण घेणाऱ्याला साधे शेअर मिळत असतात.

सही करण्यापूर्वीचा तक्ता

हे सगळे समजून घेण्याचे साधन एकच आहे आणि ते कोणत्याही स्प्रेडशीटवर तासाभरात होते. उभ्या ओळीत सगळे भागधारक, आडव्या ओळीत विक्रीच्या सहा किमती: एकूण गुंतवणुकीच्या निम्म्यापासून शेवटच्या मूल्यांकनाच्या दुपटीपर्यंत. आपल्या उदाहरणात २०, ४०, ८०, १२०, १५० आणि ३०० कोटी. प्रत्येक किमतीला फंड रक्कम घेईल की शेअर साधे करील ते ठरवून वाटणी मांडायची. २० कोटींच्या स्तंभात संस्थापकांसमोर शून्य येते. दुसऱ्या फंडाचा हक्क वरचा असेल तर पहिल्या फंडासमोरही शून्य. १५० च्या पुढे सगळे टक्केवारीने चालते. मधला पट्टा पाहण्यासारखा असतो, कारण बहुतेक विक्री त्या पट्ट्यातच होतात. नव्या फेरीची टर्म शीट आली की तिच्या अटी घालून तक्ता पुन्हा करायचा आणि जुन्याशेजारी ठेवायचा.

याच तक्त्यासोबत 'ड्रॅग-अलाँग' कलम वाचावे. या कलमाने ठरावीक बहुमत असलेले भागधारक बाकीच्यांना विक्रीत ओढू शकतात. दुसरा फंड एकटा ते वापरू शकत असेल, तर ३५ कोटींच्या विक्रीतही तो आपले ३० कोटी घेऊन मोकळा होईल आणि संस्थापकांना रिकाम्या हाताने सही करावी लागेल. ते वापरायला दोन्ही फंड आणि संस्थापकांपैकी किमान एकाची संमती लागेल किंवा ठरावीक किमतीच्या खाली ते लागू होणार नाही, अशी मर्यादा मागणे रास्त आहे. पहिल्या फेरीत ती मिळते. तिसऱ्या फेरीत कोणी देत नाही.

उरते ती कागदपत्रांची स्वच्छता, आणि दोन्ही मार्ग सर्वांत जास्त अडखळतात ते इथेच. नियंत्रकाचे सॉफ्टवेअर सुरुवातीला एखाद्या बाहेरच्या प्रोग्रामरकडून करून घेतलेले असते आणि बिल दिले म्हणजे हक्क आपला, असे समजले जाते. भारतीय कॉपीराइट कायद्यात तसे नाही: पगारी नोकराचे काम मालकाचे ठरते, बाहेरच्या व्यक्तीचे काम लेखी करार नसेल तर त्या व्यक्तीचेच राहते. करार असूनही त्यात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच धरले जाते. खरेदीदाराचे वकील पहिल्या आठवड्यातच हे कागद मागतात. तोपर्यंत तो प्रोग्रामर दुसऱ्या शहरात गेलेला असतो आणि त्याच्या एका सहीवर ९० कोटी अडले आहेत हे त्याला कळले, की ती सही महाग होते. मुदत 'कायम' आणि प्रदेश 'सर्व जग' असे शब्द घातलेला दोन पानी करार कामाच्या पहिल्या दिवशी करून घेतला, तर त्याला खर्च स्टँप पेपरचा.